तलफ येते, चढते आणि ओसरते

तंबाखू, सिगारेट किंवा दारू सोडू पाहणाऱ्या माणसाला तलफेची जी धास्ती असते, तिच्या मुळाशी एक समजूत असते. तलफ एकदा आली की वाढतच जाणार आणि शेवटी तिच्यापुढे हात टेकावे लागणार, असे त्याला वाटते. ही समजूत अनुभवातून आलेली असली, तरी तो अनुभव अपुरा असतो. वर्षानुवर्षे व्यसन करणाऱ्याने तलफेची सुरुवात हजारो वेळा पाहिलेली असते, शेवट मात्र क्वचितच पाहिलेला असतो. ती चढू लागली की पाच-दहा मिनिटांत पुडी उघडली जाते आणि तलफ तिथेच थांबते. पुडी उघडलीच नसती तर पुढे काय झाले असते, हे पाहायची वेळ येत नाही. प्रत्यक्षात तलफ चढते, एका उंचीवर थोडा वेळ टिकते आणि काहीही न घेता उतरते. बहुतेक वेळा हे सगळे काही मिनिटांत आटोपते, फार जोराची असेल तर वीस-तीस मिनिटे लागतात.

अमेरिकेतल्या सिएटल शहरातील वॉशिंग्टन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी या निरीक्षणावर एक पद्धत उभी केली. व्यसन सुटल्यानंतर ते पुन्हा का लागते आणि ते कसे टाळावे, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय होता. ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह त्यांनी संपादित केलेला या विषयावरचा ग्रंथ १९८५ मध्ये आला आणि व्यसनमुक्तीच्या कामात तो आजही पायाभूत मानला जातो. तलफ ही समुद्राच्या लाटेसारखी असते, असे मार्लॅट सांगत. लाटेला छातीने अडवायला गेलेला माणूस आपटतो आणि तिच्या स्वाधीन झालेला वाहून जातो. फळीवर तोल सांभाळून उभा राहणारा मात्र लाट फुटेपर्यंत तिच्यावरच राहतो आणि किनाऱ्याला लागतो. या पद्धतीला इंग्रजीत ‘अर्ज सर्फिंग’ म्हणतात. मराठीत तिला तलफेवर स्वार होणे म्हणता येईल. इथे फळीचे काम श्वास करतो.

या पद्धतीचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. सत्यनारायण गोएंका यांनी इगतपुरीच्या धम्मगिरीतून ज्या विपश्यनेचा प्रसार केला, त्याच परंपरेतली दहा दिवसांची शिबिरे सिएटलजवळच्या एका तुरुंगात भरवली जात. मार्लॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या कैद्यांचा अभ्यास केला. शिबिर केलेल्यांचे दारू आणि अमली पदार्थांचे सेवन सुटकेनंतरच्या तीन महिन्यांत इतरांपेक्षा कमी आढळले. हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. अंगावरची संवेदना पाहायची, तिच्यावर लगेच काही करायचे नाही, हा विपश्यनेतला सराव आणि तलफेवर स्वार होणे यांत फारसे अंतर नाही. फरक एवढाच की दुसऱ्यासाठी शिबिरही लागत नाही आणि तासभर मांडी घालून बसावेही लागत नाही.

तलफ कुठून येते, हे समजले की ती ओसरते का, तेही कळते. तंबाखू-चुन्याचेच उदाहरण घेऊ. चुन्यामुळे तोंडातला रस अल्कधर्मी होतो आणि तंबाखूतले निकोटीन गालाच्या व हिरडीच्या आतल्या नाजूक त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरते. साधारण दोन तासांत रक्तातले निकोटीन निम्म्यावर येते आणि शरीर पुढच्या विड्याची मागणी करू लागते. ही झाली शरीराची तलफ. तंबाखू बंद केल्यावर पहिले दोन-तीन दिवस ती सर्वांत जोरात असते आणि तीन-चार आठवड्यांत बरीचशी निवते.

दुसरी तलफ सवयीची, आणि ती जास्त चिवट असते. जेवण झाले की तंबाखू, गाडी थांबली की तंबाखू, साहेब रागावला की तंबाखू, असे वर्षानुवर्षे घडलेले असते. त्यामुळे जेवण, थांबा आणि राग हे मेंदूसाठी इशारे बनतात. इशारा मिळाला की निकोटीन येणार असे धरून मेंदू तयारीला लागतो आणि तोंडाला पाणी सुटते. सोडून सहा महिने झालेल्या माणसालाही लग्नाच्या मांडवात कोणी शेजारी तंबाखू मळू लागला की एकदम ओढ जाणवते, ती या इशाऱ्यांमुळे. रक्तात निकोटीनचा मागमूस नसतानाही ती येते.

सवयीच्या तलफेचा एक गुणधर्म मात्र सोडणाऱ्याच्या उपयोगी पडतो. इशारा मिळाला आणि पाठोपाठ तंबाखू आली नाही, असे वारंवार घडले की इशाऱ्याचे वजन कमी होत जाते. घंटा वाजवून अन्न न दिल्यास कुत्र्याची लाळ हळूहळू थांबते, हे पावलोव्ह यांनी दाखवले होते. इथेही तेच घडते. म्हणून काहीही न घेता पार पडलेली प्रत्येक तलफ पुढच्या तलफेची ताकद थोडी कमी करते. उलट, चार वेळा नाही म्हणून पाचव्या वेळी हार मानली तर मेंदू वेगळाच धडा घेतो: पुरेसा हट्ट केला की मिळते. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने सवय अधिक घट्ट होते. ‘दिवसातून फक्त एकदाच’ हा तह टिकत नाही, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

तलफ आली की बहुतेक जण आधी ती मनातून हाकलून द्यायचा प्रयत्न करतात. हा उपाय उलटतो. पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही असे सांगितल्यावर लोकांच्या मनात तेच अस्वल कसे घुटमळत राहते, हे डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये प्रयोगातून दाखवले. पुढे इंग्लंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांवर असाच प्रयोग झाला. एका गटाला आठवडाभर सिगारेटचा विचार दाबून टाकायला सांगितले. त्या आठवड्यात त्या गटाने सिगारेट कमी ओढल्या, पण दडपण उठताच पुढच्या आठवड्यात इतर गटांपेक्षा जास्त ओढल्या. ‘मनावर ताबा ठेव’ हा घरच्यांचा सल्ला कितीही मायेने दिलेला असला, तरी तो अपुरा पडतो तो यामुळेच. माणसाने नेमके काय करायचे, ते त्यात सांगितलेले नसते.

तलफेवर स्वार होताना पहिले काम म्हणजे ती आली आहे हे ओळखणे. ‘तलफ आली आहे’ असे मनात स्पष्ट म्हणायचे. ‘मला तंबाखू पाहिजे’ असे म्हणायचे नाही, कारण त्या वाक्यात निर्णय आधीच घेतलेला असतो. मग बसून किंवा उभ्यानेच दोन-चार श्वास नेहमीसारखे घ्यायचे आणि तलफ अंगात नेमकी कुठे आहे ते शोधायचे. ती मनात असल्यासारखी वाटली, तरी तिचा पत्ता शरीरात सापडतो. तंबाखू खाणाऱ्याला ती अनेकदा खालच्या ओठामागच्या खाचेत, जिभेच्या कडेला, जबड्यात किंवा तळहात आणि अंगठ्यात जाणवते. सिगारेट ओढणाऱ्याला घशात आणि छातीत, दारू पिणाऱ्याला पोटात किंवा खांद्यांत. जागा सापडली की तिचे वर्णन करायचे: दाब आहे की मुंग्या आहेत, गरम आहे की कोरडे, केवढ्या भागात आहे, एका जागी आहे की सरकते आहे. जोर शून्य ते दहा या मापात किती, तेही ठरवायचे. त्यानंतर लक्ष श्वासावर आणायचे, थोड्या वेळाने पुन्हा त्या जागेकडे न्यायचे आणि काय बदलले ते पाहायचे. तलफ उतरेपर्यंत एवढेच करत राहायचे.

समजा, एसटीच्या कार्यशाळेत काम करणाऱ्या, अठरा वर्षे तंबाखू-चुना खाणाऱ्या एका माणसाने तंबाखू सोडली आहे आणि आज पाचवा दिवस आहे. दुपारी जेवणाचा डबा बंद करताना तोंडाला पाणी सुटते आणि हात आपोआप खिशाकडे जातो. खिसा रिकामा असतो. तलफ आली असे तो स्वतःशी म्हणतो आणि पंप असलेल्या कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसतो. जोर पाच. ओठामागे खाज आल्यासारखे वाटते, उजवा अंगठा डाव्या तळव्यावर फिरू पाहतो. दोन-तीन मिनिटांनी जोर सातावर जातो, जबडा आवळला जातो आणि विचार सुरू होतात: दुपारचे काम अवघड आहे, आज एकच घेऊ, उद्यापासून पक्के बंद. या विचारांशी तो वाद घालत नाही. ‘हा तलफेचा विचार’ एवढे म्हणून तो पुन्हा जबड्याकडे पाहतो आणि आवळलेला असेल तर तो आवळलेपणाच नीट पाहतो. सातव्या-आठव्या मिनिटाला जोर आठ असतो आणि हा टप्पा सर्वांत अवघड. आता हे संपणारच नाही असे इथेच वाटते आणि बहुतेक जण इथेच उठून टपरीकडे जातात. तो आणखी दहा श्वास मोजायचे ठरवतो. मोजता मोजता ओठामागची खाज पुसट झाल्याचे त्याच्या लक्षात येते, अंगठा थांबलेला असतो. जोर सहा, मग चार. मध्येच कोणीतरी पुडी काढल्याचा आवाज येतो आणि जोर पुन्हा सहावर जातो. मागून आलेली ही दुसरी लाट बहुधा पहिलीपेक्षा बुटकी असते. पंधरा-सोळा मिनिटांनी जोर दोनवर येतो. तो उठून चूळ भरतो, कामाला लागतो आणि वहीत वेळ, इशारा, सर्वाधिक जोर आणि लागलेली मिनिटे लिहून ठेवतो. दोन-तीन आठवड्यांच्या अशा नोंदी एकत्र पाहिल्या की कोणते इशारे मंदावले आणि कोणता अजून जोरात आहे, ते समोर दिसते. मनाला वाटणाऱ्या अंदाजापेक्षा ही वही जास्त भरवशाची असते.

ही पद्धत सर्वांत जास्त वेळा फसते ती तिच्याकडून चुकीची अपेक्षा ठेवल्याने. तलफ लवकर घालवण्याची युक्ती म्हणून तिच्याकडे पाहिले, की माणूस दर अर्ध्या मिनिटाला ‘गेली का?’ असे तपासू लागतो. ही वाट पाहणे म्हणजे वेगळ्या रूपातली झुंजच. सारा बोवेन आणि मार्लॅट यांनी २००९ मध्ये सिगारेट ओढणाऱ्या १२३ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. सगळ्यांना सिगारेट हातात धरायला दिली, पण पेटवू दिली नाही. त्यातल्या निम्म्यांना तलफेवर स्वार होण्याच्या सूचना दिल्या होत्या. दोन्ही गटांनी सांगितलेल्या तलफेच्या जोरात फरक पडला नाही. तरीही पुढच्या सात दिवसांत सूचना मिळालेल्या गटाने सिगारेट कमी ओढल्या. म्हणजे तलफ होती तेवढीच राहिली, पण ती आली म्हणजे ओढायलाच हवे, हे नाते सैल झाले. सराव लागू पडतो आहे का हे तलफ किती कमी झाली यावरून पाहू नये. तलफ आणि हाताची हालचाल यांच्यामध्ये वेळ वाढतो आहे का, हे पाहावे.

दुसरी चूक म्हणजे पुडी खिशात ठेवून सराव करणे. ‘समोर असूनही खाल्ली नाही’ यात अनेकांना फुशारकी वाटते. पण सुरुवातीच्या आठवड्यांत मिनिटाभराच्या अंतरावर तंबाखू असणे म्हणजे सर्वांत मोठ्या लाटेवर पहिला धडा घेणे होय. सरावाची सुरुवात बारीकसारीक ओढींपासून करावी. डास चावल्यावर लगेच न खाजवता ती खाज दोन मिनिटे पाहावी, फोन वाजल्यावर हात लगेच न पुढे करता ओढ कुठे जाणवते ते शोधावे. दिवसातून एकदा शांत वेळी दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष देण्याची सवय लावली, तर जोराची तलफ आल्यावर ते कसब हाताशी असते. तलफेच्या ऐन शिखरावर ते पहिल्यांदाच वापरायला गेल्यास निभाव लागणे कठीण.

सगळ्याच तलफांना बसून पाहत राहण्याची गरज नाही. काही वेळा ते शक्यही नसते. मशीन चालू असते, गिऱ्हाईक समोर असते किंवा माणूस इतका थकलेला, भुकेलेला वा चिडलेला असतो की लक्ष एका जागी ठरत नाही. अशा वेळी इतर उपाय कामाला येतात. सर्वांत साधा उपाय म्हणजे ती जागा सोडणे. टपरी, मित्रांचा अड्डा किंवा बार यांपासून शंभर पावले लांब गेले की इशारा तुटतो. जाताना झपझप चालावे. सिगारेट सोडणाऱ्यांवरच्या अनेक प्रयोगांत दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्याने तलफ चालताना आणि त्यानंतरही काही काळ कमी झालेली आढळली आहे.

दुसरा उपाय मनातल्या चित्रांशी संबंधित आहे. तलफ टिकून राहते ती बऱ्याच अंशी कल्पनेच्या जोरावर. तळव्यावर मळलेली तंबाखू, चुन्याची चव, फेसाळणारा ग्लास यांची चित्रे मन रंगवत राहते आणि ओढ वाढवते. चित्रे रंगवण्याची मनाची जागा मर्यादित असते. ती दुसऱ्या कामाने भरली तर तलफेच्या चित्रांना वाव उरत नाही. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी टेट्रिस हा ठोकळे रचण्याचा खेळ लोकांना तीन मिनिटे खेळायला दिला, तेव्हा त्यांच्या तलफेचा जोर उतरला. गाणी ऐकण्यापेक्षा किंवा नुसते मोजण्यापेक्षा डोळ्यांपुढे आकार आणणारे काम इथे जास्त उपयोगी. खेळ नसेल तर घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता वळणावळणाने आठवावा किंवा रांगोळीचा एखादा नमुना मनात ठिपक्यांपासून पुरा करावा.

तंबाखूच्या बाबतीत निकोटीनच्या गोळ्या म्हणजे च्युइंगमही मिळतात, दोन आणि चार मिलिग्रॅमच्या. पुष्कळ लोक त्या साध्या च्युइंगमसारख्या चघळत राहतात, मळमळते, उचक्या लागतात आणि ‘हे आपल्याला चालत नाही’ म्हणून सोडून देतात. गोळी हळूहळू चावायची, तिखट झिणझिण्या जाणवल्या की गाल आणि हिरडीमध्ये ठेवून द्यायची, झिणझिण्या थांबल्या की पुन्हा थोडी चावायची. असे सुमारे अर्धा तास चालते. गोळीच्या आधी पंधरा मिनिटे आणि ती तोंडात असताना चहा, कॉफी किंवा लिंबू सरबत घेऊ नये, कारण आंबट तोंडात निकोटीन नीट शोषले जात नाही. किती ताकदीची गोळी आणि दिवसाला किती, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. गोळी शरीराची तलफ आवरते आणि सवयीच्या तलफेसाठी वर सांगितलेला सराव कामी येतो. एकाने दुसऱ्याची जागा घेण्याचे कारण नाही.

एवढे करूनही एखाद्या दिवशी हातून घडते. मार्लॅट यांनी या क्षणाचा फार बारकाईने अभ्यास केला. एक विडा खाल्ल्याने झालेले नुकसान थोडे असते. पण त्यानंतर ‘सगळे संपले, आपल्याच्याने होणार नाही’ हा जो विचार येतो, तो माणसाला पुन्हा पुऱ्या व्यसनात नेतो. त्यामुळे घसरणे आणि पूर्ववत होणे यांत त्यांनी स्पष्ट फरक केला. घसरल्यावर उरलेली पुडी लगेच टाकून द्यावी आणि वहीत नोंद करावी: इशारा कोणता होता, जोर किती होता, कितव्या मिनिटाला हार मानली. नोंद वाचल्यावर बहुधा एखादी नेमकी जागा सापडते, जशी पगाराची संध्याकाळ किंवा ठरावीक मित्राचा फोन. त्या प्रसंगी काय करायचे, ते पुढच्या खेपेसाठी आधीच ठरवून ठेवता येते.

या पद्धतीची एक हद्द नीट ध्यानात ठेवायला हवी. निकोटीनची तलफ कितीही जोराची असली तरी तिने जिवाला धोका होत नाही. दारूचे तसे नाही. अनेक वर्षे रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकदम बंद केली, तर काही तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास, भ्रम व ताप अशी अवस्था येऊ शकते, जी उपचार न झाल्यास प्राणघातक ठरते. ही ओसरायची वाट पाहण्यासारखी लाट नाही. अशा माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधे देऊन दारू सोडायला लावतात आणि तलफेचा सराव त्यानंतर सुरू होतो. गर्द किंवा अफूजन्य पदार्थ काही आठवडे बंद ठेवलेल्या माणसाचा धोका वेगळा असतो. शरीराची सहनशक्ती उतरलेली असल्याने पूर्वीचाच डोस त्याचा जीव घेऊ शकतो. घसरल्यावर ही गोष्ट घरच्यांनाही माहीत असायला हवी.

तंबाखू सोडण्यासाठी केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत दारू आणि इतर पदार्थांसाठी दाखल होऊन उपचार घेता येतात. तलफ दिवसात अनेकदा येत असेल, दरवेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकत असेल किंवा तिच्यासोबत झोप उडणे, खूप उदास वाटणे अथवा जीव नकोसा होणे असेल, तर एकट्याने सराव करत न राहता अशा ठिकाणी किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याच दिवशी जावे.